जुना मसुदा, नवा रिपोर्ट: चेकरमध्ये आपलीच फाईल आडवी आली तर काय करायचं

मार्चमध्ये चेकरमधून, म्हणजे साहित्यचोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, माझ्या प्रकल्पाचा साम्य रिपोर्ट १२ टक्के आला होता; म्हणजे तेवढा मजकूर इतर कुठल्या तरी मजकुराशी जुळत होता. पाच महिने राबून तोच प्रकल्प सुधारला आणि ऑगस्टमध्ये पुन्हा टाकला, तर ८८ टक्के. रावेर-यावल भागातल्या केळी बागायतदारांच्या ठिबक सिंचनावर मी एम.ए.चा हा प्रकल्प इंग्रजीत लिहिला होता. बागांमध्ये जाऊन माहिती मीच गोळा केलेली, तक्ते मीच बनवलेले. तरी स्क्रीनवर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं लालेलाल.

ग्रंथालयातले दादा अमळनेरकडचे. त्यांनी रिपोर्ट वरपासून खालपर्यंत पाहिला आणि हसून म्हणाले, "तुनाच माल, अन् तुलेच चोर म्हणस!" निदान त्या एका वाक्यातच झालं होतं. त्यातून बाहेर पडायला मात्र मला तीन आठवडे लागले, कारण मधल्या काळात घाबरून मी स्वतःच घोळ वाढवून ठेवला. तुम्ही पहिल्यांदाच प्रकल्प किंवा प्रबंध तपासायला देणार असाल, तर हे आधीच वाचून ठेवा.

## १. आधी समजून घ्या: चेकर फाईल नुसती तपासत नाही, ठेवूनही घेऊ शकतो

आपल्याला वाटतं, चेकर म्हणजे वजनकाटा. माल ठेवला, आकडा पाहिला, माल उचलला. प्रत्यक्षात बऱ्याच चेकरांत सेटिंग तसं असेल तर तुमची फाईल तपासून झाल्यावर त्यांच्या साठ्यात जमा होते. पुढच्या वर्षी कुणी तुमचाच प्रकल्प उचलून आपल्या नावावर दिला तर तो पकडता यावा, म्हणून हा साठा असतो. इंटरनेटवर नसलेला विद्यार्थ्यांचा मजकूर शोधायला दुसरा मार्ग नाही. हेतू चांगलाच आहे.

अडचण अशी की साठ्यात शोधणारं यंत्र मजकूर पाहतं, माणूस पाहत नाही. ते कसं शोधतं हे एका वाक्यावर बघू:

"रावेर तालुक्यातील बहुतेक केळी उत्पादक शेतकरी ठिबक सिंचनावरच वर्षभर आपली बाग जगवतात."

हे बारा शब्द आहेत. समजा यंत्र पाच-पाच शब्दांचे तुकडे पाडतं. पहिला तुकडा शब्द १ ते ५, दुसरा २ ते ६, तिसरा ३ ते ७, असे एकमेकांवर चढलेले एकूण आठ तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यापासून गणिताने एक आकडा काढला जातो. तो त्या तुकड्याचा बोटाचा ठसाच म्हणा. साठ्यात हे ठसे आणि ते कोणत्या फाईलमधले आहेत याची नोंद असते. नवी फाईल आली की तिचेही ठसे काढायचे आणि साठ्यात तेच ठसे सापडतात का ते पाहायचं. प्रत्येक कंपनीची पद्धत थोडी वेगळी असते. तुकडा किती शब्दांचा, कोणते ठसे ठेवायचे आणि कोणते सोडायचे, हे ज्याचं त्याचं. मूळ कल्पना मात्र हीच.

आता याच वाक्यात तुम्ही 'शेतकरी' काढून 'बागायतदार' घातलं. तो सहावा शब्द. तो ज्या ज्या तुकड्यात होता ते पाच तुकडे बदलले, पण पहिला, सातवा आणि आठवा हे तीन जसेच्या तसे राहिले. म्हणजे एक शब्द बदलूनही वाक्य ओळखू येतं. आणि आपण मसुदा सुधारतो तेव्हा प्रत्येक वाक्याला कुठे हात लावतो? प्रस्तावना बदलतो, दोन तक्ते वाढवतो, निष्कर्ष नव्याने लिहितो. बाकीची शंभरातली ऐंशी-पंच्याऐंशी वाक्यं तशीच राहतात. जुना मसुदा साठ्यात असेल तर ती सगळीच्या सगळी जुळणार.

फाईलचं नाव बदलल्याने, वर्डची पीडीएफ केल्याने, मुखपृष्ठ नवं लावल्याने काहीच फरक पडत नाही. ठसे आतल्या शब्दांचे असतात.

## २. फाईल देण्याआधी एकच प्रश्न विचारा

"सर, ही फाईल साठ्यात जाणार आहे की नाही?"

माझ्या मते या सगळ्या लेखातलं सर्वात उपयोगाचं वाक्य हेच. हा प्रश्न विचारायला विद्यार्थ्याला संकोच वाटतो, काहीतरी लपवायचं आहे असं समोरच्याला वाटेल म्हणून. तसं काही नाही. मसुदा न साठवता तपासणं ही रीतसर सोय आहे.

टर्निटिन या चेकरचं उदाहरण घ्या. तिथे शिक्षक असाइनमेंट, म्हणजे फाईल टाकायची जागा, तयार करतात तेव्हा `Submit papers to` असा एक पर्याय असतो. त्यात सामान्यतः या निवडी दिसतात:

- `Standard paper repository`: फाईल सामायिक साठ्यात जाते. हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दुसऱ्या संस्थांच्या फाईलीही तिच्याशी जुळवून पाहिल्या जातात.
- `Institution paper repository`: फाईल फक्त तुमच्या संस्थेच्या साठ्यात राहते. ही निवड संस्थेने ती सोय घेतली असेल तरच दिसते.
- `No repository`: तपासणी होते, साठवण होत नाही.

आधीपासून निवडलेला पर्याय बहुधा साठवण्याचा असतो. शिक्षकांनी मुद्दाम बदलला नाही तर तोच राहतो, आणि शिक्षकांना पन्नास विद्यार्थ्यांचं सगळं बघायचं असतं. मसुद्यासाठी तिसरा पर्याय मागायचा आणि अंतिम प्रत एकदाच साठ्यात जाऊ द्यायची, हा साधा नियम.

तुमच्याकडे कोणतं सॉफ्टवेअर आहे ते ग्रंथालयात विचारा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधशुद्धी उपक्रमातून विद्यापीठांना अशी सोय मिळते आणि सॉफ्टवेअर काळानुसार बदलतंही. मेनूतले शब्द वेगळे असतील, पण साठवायचं की नाही हा प्रश्न सगळीकडे लागू आहे.

## ३. सुधारित प्रत शक्यतो त्याच जागी टाका

माझी चूक इथे झाली. मार्चमधला मसुदा गाइड मॅडमनी उघडलेल्या एका असाइनमेंटमध्ये टाकला होता. ऑगस्टमध्ये त्यांनी 'अंतिम' नावाची नवी असाइनमेंट उघडली आणि मी तिथे टाकलं. माझ्या दृष्टीने दोन्ही एकाच कामाच्या दोन पायऱ्या. यंत्राच्या दृष्टीने मात्र दोन स्वतंत्र फाईली, आणि त्यातली एक आधीच साठ्यात बसलेली.

टर्निटिनमध्ये शिक्षकांनी पुन्हा सादर करायची परवानगी दिलेली असेल, तर त्याच असाइनमेंटमध्ये टाकलेली नवी फाईल जुनीची जागा घेते आणि त्या जुन्या प्रतीशी तिची तुलना होत नाही. तिथे पहिले तीन रिपोर्ट लवकर मिळतात, त्यानंतरच्या प्रत्येक वेळी २४ तास थांबावं लागतं. म्हणजे शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री चौथ्यांदा टाकायचा बेत करू नका.

जागा बदलली, खातं बदललं, महाविद्यालय बदललं, की हे संरक्षण गृहीत धरू नका.

## ४. रिपोर्ट आला की घाबरण्याआधी या खुणा शोधा

वरचा मोठा आकडा आधी बाजूला ठेवा आणि उजवीकडची स्रोतांची यादी बघा. जुना मसुदा आडवा आला असेल तर चित्र साधारण असं दिसतं:

पहिली खूण म्हणजे एकच स्रोत जवळजवळ सगळं खाऊन बसलेला असतो. माझ्या ८८ पैकी ८५ टक्के पहिल्याच स्रोताचे होते. कुणी इकडून-तिकडून उचलून लिहिलं असेल तर यादी लांब असते, दोन टक्के इथले, तीन टक्के तिथले.

दुसरी खूण स्रोताच्या प्रकारात. टर्निटिनमध्ये तिथे `Student Paper` लिहिलेलं असतं आणि `Submitted to` च्या पुढे संस्थेचं नाव. ते नाव तुमच्याच संस्थेचं आहे का? तारीख दिसत असेल तर ती तुम्ही मसुदा दिल्याच्या सुमाराची आहे का?

तिसरी खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते. तुमच्याशिवाय जगात कुणीच लिहू शकलं नसतं असं वाक्य शोधा आणि ते रंगलंय का पाहा. माझ्या ऋणनिर्देशात मी आईचे आभार मानले होते आणि सर्वेक्षणाच्या वेळी मोटरसायकल देणाऱ्या मामाचेही. मामाची मोटरसायकलसुद्धा रंगली होती! ती काही इंटरनेटवर नाही. तुमच्या मुलाखतीतलं एखाद्या शेतकऱ्याचं वाक्य, तुमच्या तक्त्याखालची टीप, चुकून राहिलेली टायपिंगची चूक, यातलं काहीही चालेल. टायपिंगची चूकही तशीच्या तशी जुळली असेल तर शंकाच नको.

पण इथे एक काळजी घ्या. जुळलेला स्रोत `Publication` किंवा संकेतस्थळ असेल आणि तो तुमचाच छापून आलेला शोधनिबंध असेल, तर गोष्ट निराळी आहे. अप्रकाशित मसुदा सुधारून देणं हा लिखाणाचाच भाग आहे. छापलेला लेख संदर्भ न देता प्रबंधात घालणं याला स्वतःच्याच मजकुराचा पुनर्वापर म्हणतात आणि त्याचं उत्तर संस्थेच्या नियमांप्रमाणे द्यावं लागतं. या लेखातला मार्ग त्याला लावू नका.

## ५. मी जे केलं ते करू नका

८८ पाहून माझे हातपाय गार पडले. यूजीसीचे २०१८ चे नियम तोंडपाठ होते: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० च्या वर ४० पर्यंत सुधारून पुन्हा द्यायचं, ४० च्या वर ६० पर्यंत एक वर्ष देता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द. मला वाटलं यंत्रच बिघडलंय. म्हणून धुळ्याच्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या मैत्रिणीला फाईल पाठवली आणि म्हटलं, "ताई, तुझ्या खात्यातून एकदा बघ ना."

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. शंभर टक्के.

का ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. ऑगस्टमध्ये टाकलेली प्रतही तोवर साठ्यात गेली होती आणि तिला पाठवलेली फाईल तीच होती, स्वल्पविरामासकट. वर तिच्या खात्याचं सेटिंगही साठवण्याचंच. म्हणजे आता माझ्या एका प्रकल्पाच्या तीन प्रती साठ्यात: मार्चची, ऑगस्टची आणि धुळ्याची. तिसरी तर दुसऱ्याच संस्थेच्या नावावर. शंकेचं निरसन करायला मी स्वतःविरुद्ध एक साक्षीदार वाढवला होता.

झेरॉक्सच्या दुकानात शे-दोनशे रुपयांत 'प्लॅगरिझम काढून देतो' म्हणणारेही असतात. त्यांच्याकडे कुणाचं खातं आहे, फाईल कुठे साठते, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. आणि जी प्रत कुणाच्या खात्यात आहे हेच माहीत नाही, ती काढायला सांगणार कुणाला?

तिसरा मोह म्हणजे शब्द बदलत बसणं. आपल्याच धड वाक्यांची मोडतोड करून त्यांना ओळखू न येण्यासारखं करायचं. पहिल्या मुद्द्यातलं उदाहरण आठवा, सुटा शब्द बदलून फारसं साधत नाही. साधेपर्यंत बदलत गेलात तर भाषेची पार वाट लागते आणि गाइड विचारतात, हे काय लिहिलंय. खरी अडचण मजकुरात नाहीच, मग तिथे औषध कशाला.

## ६. योग्य माणसाकडून जुना स्रोत वगळून घ्या

रिपोर्टमधून एखादा स्रोत वगळण्याची सोय असते, पण ती बहुधा शिक्षकाच्या किंवा ग्रंथालयाच्या खात्यात. विद्यार्थ्याने स्वतः खटपट करू नये. पुरावे घेऊन जावं आणि वगळा म्हणून विनंती करावी. मी नेलेली कागदपत्रं ही:

- जुन्या मसुद्याची फाईल, जशी दिली होती तशीच
- तेव्हाचा रिपोर्ट आणि सादर केल्याची डिजिटल पावती (त्यावर सबमिशन आयडी आणि तारीख असते)
- नवी फाईल आणि तिचा रिपोर्ट
- दोन्ही फाईलींची तुलना
- गाइडची सही असलेलं अर्धं पान: हा मसुदा याच विद्यार्थ्याचा, माझ्या सांगण्यावरून या तारखेला तपासला

तुलना करायला वर्डमध्ये `Review` मधलं `Compare` वापरा. जुनी फाईल एकीकडे, नवी दुसरीकडे निवडली की काय काढलं, काय घातलं, सगळं रंगात दिसतं. मॅडमना तोंडी समजावताना मला अर्धा तास लागला होता. हे पान दाखवल्यावर त्यांना दोन मिनिटांत पटलं.

आता आकडे नीट पाहू, कारण इथे बहुतेकांचा हिशोब चुकतो. माझाही चुकला होता.

मार्चचा मसुदा १०,००० शब्दांचा. साम्य १२ टक्के, म्हणजे १,२०० शब्द. ऑगस्टची प्रत ९,८०० शब्दांची. तिच्यातले ८,३३० शब्द मार्चच्या मसुद्यातून तसेच आलेले, म्हणजे ८५ टक्के. उरलेले १,४७० नवे किंवा बदललेले. त्या नव्यातले २९४ शब्द, म्हणजे ३ टक्के, सरकारी योजनेच्या मार्गदर्शक सूचनांशी वगैरे जुळले. एकूण ८८.

मी म्हटलं, सोपं आहे, ८८ मधून ८५ गेले, उरले ३. पेढे वाटायचेच बाकी होते.

ग्रंथालयातल्या दादांनी ऑगस्टच्या रिपोर्टमधला पहिला स्रोत वगळला आणि आकडा आला ९. माझा चेहरा पडला. दादांनी समजावलं ते असं: एक शब्द एकाच वेळी दोन ठिकाणी जुळत असेल तरी एकूण आकड्यात तो एकदाच मोजला जातो, आणि तो सहसा ज्या स्रोताशी सर्वात जास्त जुळणी आहे त्याच्या खात्यावर पडतो. मार्चच्या मसुद्यात आधीच इतर लेखांशी जुळणारे १,२०० शब्द होते. त्यातले ६१२ मी सुधारले होते. उरलेले ५८८ ऑगस्टच्या प्रतीतही होते, पण ते जुन्या मसुद्याच्या रंगाखाली झाकले गेले होते. वरचा थर काढला आणि ते उघडे पडले. ५८८ म्हणजे ९,८०० चे ६ टक्के. सहा आणि तीन, नऊ.

म्हणजे ९ हा माझा खरा आकडा होता. ३ कधीच नव्हता आणि ८८ ही नव्हता. वगळल्यानंतर काहीतरी शिल्लक राहणारच, आणि जे राहतं ते गांभीर्याने वाचा, कारण तेच तपासण्यासारखं साम्य असतं. माझ्या ५८८ शब्दांत एक अख्खा परिच्छेद अवतरणचिन्हांशिवाय निघाला. त्यावेळी तो झाकलेलाच राहिला असता तर मला कळलंही नसतं.

मग विभागाने सांगितलं, जुना रिपोर्ट नको, ताजा काढून आणा. ताज्या रिपोर्टमध्ये काय झालं असेल सांगा. पहिला स्रोत धुळ्याचा, १०० टक्के. दादांनी तो वगळला. आकडा १०० च! खाली ऑगस्टची प्रत होती. ती वगळली, तेव्हा ८८, कारण आता मार्चचा मसुदा वर आला. तोही वगळला तेव्हा कुठे ९ दिसले. कांद्याची सालं काढावीत तसं. म्हणून एक स्रोत वगळूनही आकडा हलला नाही तर सोय चालत नाही असं समजू नका. खाली तुमचीच आणखी एखादी प्रत आहे का ते बघा.

वगळताना आणखी एक पथ्य. संदर्भसूची आणि अवतरणं वगळण्याची बटणं वेगळी असतात आणि त्यांचा वापर संस्थेच्या नियमाप्रमाणेच व्हायला हवा. यूजीसीच्या नियमांत योग्य संदर्भ दिलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, मनोगत आणि ऋणनिर्देश तपासणीतून वगळलेले आहेत. सर्वसामान्य ज्ञानाचे सलग १४ शब्दांपर्यंतचे साम्यही धरत नाहीत. काय काय वगळलं आणि का, हे रिपोर्टसोबत लिहून घ्या. नुसता ९ टक्क्यांचा कागद पाहून समितीतल्या कुणी उद्या विचारलं, तर उत्तर कागदावर असलेलं बरं.

## ७. साठ्यातून प्रत कायमची काढायची असेल तर

वगळणं हे फक्त त्या एका रिपोर्टपुरतं. प्रत साठ्यात असेपर्यंत पुढच्या प्रत्येक तपासणीत ती पुन्हा वर येणार. पीएच.डी.साठी तोच विषय पुढे नेणार असाल, तर ती काढून टाकणं शहाणपणाचं.

इथे मोठा सापळा आहे. शिक्षकांनी त्यांच्या यादीतून तुमची फाईल 'डिलीट' केली म्हणजे ती साठ्यातून गेली असं होत नाही. यादीतून नाव गेलं, ठसे तिथेच राहिले. टर्निटिनमध्ये कायमचं काढण्याची विनंती वेगळी करावी लागते. ती शिक्षक करतात आणि संस्थेचं टर्निटिन खातं सांभाळणारा ॲडमिनिस्ट्रेटर मंजूर करतो. विद्यार्थ्याला थेट करता येत नाही. विनंतीत सबमिशन आयडी लागतो, म्हणून ती पावती जपून ठेवा. माझ्याकडे मार्चची होती, ऑगस्टची मी फोनमधून उडवली होती. मॅडमच्या खात्यातून ती शोधण्यात एक दुपार गेली.

अर्ज साधा असावा. मी दिलेला असा होता:

```
विषय: साठ्यातील जुन्या मसुद्याची प्रत कायमची काढण्याबाबत

मा. महोदया,
मी माझ्या प्रकल्पाचा मसुदा दि. ____ रोजी तपासणीसाठी
सादर केला होता. सबमिशन आयडी: ____
ती प्रत साठ्यात राहिल्याने सुधारित प्रतीशी जुळत आहे.
मसुदा माझाच असून अप्रकाशित आहे.
अंतिम प्रत (आयडी: ____) साठ्यात ठेवावी आणि
वरील मसुदा कायमचा काढावा, ही विनंती.
```

अंतिम प्रत ठेवावी हे वाक्य मुद्दाम घातलं आहे. सगळंच काढा म्हटलं की प्रशासनाला शंका येते, आणि ती येणं योग्यच आहे.

जी प्रत दुसऱ्या संस्थेच्या खात्यातून गेली आहे ती त्याच संस्थेला काढावी लागते. तुमचं ग्रंथालय तिला हात लावू शकत नाही, तिचा पूर्ण मजकूर पाहायलाही त्यांना तिकडच्या शिक्षकांची परवानगी मागावी लागते. धुळ्याच्या ताईने तिच्या विभागप्रमुखांना सगळं खरं सांगून विनंती केली, बिचारीला माझ्यापायी दोन शब्द ऐकूनही घ्यावे लागले.

काढल्याचा निरोप आला तरी जुना रिपोर्ट आपोआप सुधारत नाही. तो ज्या दिवशी काढला त्या दिवसाचं छायाचित्र आहे. नवीन रिपोर्ट काढावा लागतो, आणि तो काढताना सेटिंग पुन्हा 'साठवू नका' हेच आहे का, हे बघायला विसरू नका. नाहीतर एक प्रत काढायची आणि दुसरी घालायची, असं चालू राहील.

## ८. प्रबंध मराठीत असेल तर फॉन्ट तपासा

माझा प्रकल्प इंग्रजीत होता, पण खान्देशात लोकगीतं, अहिराणी, संतसाहित्य यांवर मराठीत काम करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या बाबतीत एक वेगळीच गंमत होते.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर आपल्याला मराठी दिसतो, पण आत तो इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला असतो. चेकर तो कालाच वाचतो. इंटरनेटवरच्या युनिकोड मराठीशी तो जुळत नाही, म्हणून पहिल्या तपासणीत साम्य अगदी नगण्य येतं आणि विद्यार्थी खूश होतो. सुधारित प्रत त्याच फॉन्टमध्ये दुसऱ्या जागी टाकली की मात्र ती जुन्या मसुद्याशी तंतोतंत जुळते, कारण काला तोच. शून्यावरून थेट नव्वदीत. हे पाहून लोक चक्रावतात.

उलटही होतं. मसुदा जुन्या फॉन्टमध्ये दिला आणि अंतिम प्रत युनिकोडमध्ये, तर स्वतःशी काहीच जुळणार नाही, पण आता पहिल्यांदाच इंटरनेटवरचं खरं साम्य दिसेल. आकडा वाढला तर तो जुन्या मसुद्यामुळे नाही. ओळखायचं कसं? फाईलमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीच दिसली तर युनिकोड, अगम्य चिन्हं दिसली तर जुना फॉन्ट. पहिल्या मसुद्यापासूनच युनिकोडमध्ये लिहा आणि टंकलेखकालाही तसं आधीच सांगून ठेवा, कारण त्यांच्या संगणकावर जुना फॉन्टच लावलेला असायची शक्यता जास्त.